दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये? मग माझ्या केंद्रात येतात ती माणसं कुठल्या राज्यातली?

सेतूवाला
मंडळी, तालुक्याच्या गावात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. लोक अजून ‘सेतू’च म्हणतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की आमचा सीझन सुरू. उत्पन्नाच्या दाखल्याचे रोज चाळीस-पन्नास अर्ज मी स्वतः भरतो. त्यातल्या आकड्यांचा मला इतका सराव झालाय की माणूस दारात दिसला की आकडा आधी आठवतो. ४८,०००. ६०,०००. ७२,०००. फार झालं तर ९६,०००. लाखाच्या वर आकडा गेला की अर्जदार स्वतःच दचकतो, कारण कुटुंबाचं उत्पन्न लाखाच्या वर गेलं की केशरी कार्ड जाऊन पांढरं येतं.

परवा राज्याच्या आर्थिक पाहणीतला आकडा वाचला. २०२४-२५ साठी महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये अपेक्षित. दुकानात कॅल्क्युलेटर होताच. पाच माणसांच्या घराला १५,४६,७००. महिन्याला जवळजवळ १,२९,०००. हे खरं धरलं तर राज्यात केशरी कार्डवाला शोधून सापडायला नको.

माझ्याकडचे आकडे खोटे असतात हे मला माहीत आहे. उगाच साळसूदपणा नको. पण खोटं बोलून माणूस १५ लाखांचे ६० हजार करत नाही हो. मग मधले पैसे कुठे आहेत? मला सरकारला शिव्या द्यायच्या नाहीत, हिशोब समजून घ्यायचा आहे.

चिंगीचे बाबा
यात धक्का बसण्यासारखं काय आहे? वर्षाला तीन लाख म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. पुण्यात सोसायटीच्या वॉचमनला ओव्हरटाइम धरून जवळपास तेवढे सुटतात. पगार वाढलेत, लोक सांगत नाहीत इतकंच.

मधुरा_क
बाबा, ‘दरडोई’ आहे ते, ‘दर नोकरी’ नाही. डोई म्हणजे चिंगीचीसुद्धा. चिंगी, चिंगीची आजी, वॉचमनची बायको, त्याची दोन पोरं, सगळ्यांच्या नावावर प्रत्येकी ३,०९,३४०. तुमच्या वॉचमनच्या घरात पाच डोकी असतील तर त्याला महिन्याला सव्वा लाखाच्या वर पगार हवा.

चिंगीचे बाबा
ओह. चिंगी चार वर्षांची आहे. तिच्याकडून थकबाकी वसूल करायला हवी.

गण्या_ऑनलाइन
कुणीतरी आता नदीची सरासरी खोली आणि बुडालेल्या माणसाचा विनोद टाकणार आहे. त्याआधीच सांगतो, तो आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय. नवीन आणा.

रोहयो_कट्टा
नवीन घ्या. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दरानं ३,०९,३४० रुपये मिळवायला माणसाला वर्षात १,०४२ दिवस काम करावं लागेल. तेही फक्त स्वतःच्या डोईपुरतं. म्हातारी आणि पोरं धरली तर सुट्टी नाही.

गण्या_ऑनलाइन
अधिक मास धरला तरी बसत नाही.

माणदेशी_सून
सेतूवाले दादा, मी आमच्या भागात बचत गटांचं काम करते. कर्जाच्या कागदांसाठी घरोघरी बसून उत्पन्न लिहून घ्यावं लागतं. दाखल्यावरचं नाही, खरं. दूध किती, ऊसतोडीची उचल किती, पोरगा पुण्याहून काय पाठवतो, शेळी कधी विकली, सगळं. एका वाडीचा हिशोब देते. नाव सांगणार नाही आणि आकडे गोल केलेत.

अकरा घरं आहेत. दहा घरांची वर्षाची कमाई चढत्या क्रमानं लाखात अशी: ०.९, १.१, १.२, १.३, १.५, १.६, १.८, २.०, २.४, ३.२. अकरावं घर खडी क्रशर आणि टँकरवाल्याचं. त्याचे २७ लाख.

बेरीज ४४ लाख. अकरानं भागा, घरटी बरोब्बर ४ लाख. आता मला सांगा, या वाडीत ४ लाखांचं घर दाखवा. एकही नाही. ३.२ वाला मास्तर आहे, तोसुद्धा सरासरीच्या खाली. अकरा घरं ओळीनं उभी केली आणि मधल्या, म्हणजे सहाव्या घरात डोकावलं, तर १.६ लाख दिसतात. टँकरवाल्याला बाजूला ठेवून उरलेल्या दहांची सरासरी काढली तर १.७. म्हणजे मधलं घर वाडीबद्दल खरं सांगतं आणि सरासरी टँकरवाल्याबद्दल सांगते.

पण माझं डोकं चक्रावलं ते पुढच्या वर्षी. पाऊस नाही. दहाच्या दहा घरांची कमाई साधारण दहा टक्क्यांनी घटली, १७ लाखांची १५.३ झाली. टँकर मात्र दिवसरात्र चालू, फेऱ्यांची बिलं निघत होती. त्याचे २७ चे ३८ झाले. बेरीज ५३.३, घरटी ४.८५ लाख. वाडीचं सरासरी उत्पन्न २१ टक्क्यांनी वाढलं! दुष्काळात! अकरापैकी दहा घरं खाली गेली आणि वाडी कागदावर श्रीमंत झाली.

त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या टँकरचं पाणी मीही भरलंय.

अर्थपूर्ण
माणदेशी_सून, उदाहरण रंजक आहे, पण अकरा घरांवरून राज्याचा निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. एकूण देशाचं चित्र उलट आहे. भारत जगातल्या सर्वांत समान देशांमध्ये चौथा आहे. जागतिक बँकेचा आकडा आहे, विषमता मोजणारा गिनी निर्देशांक २५.५; तो जितका लहान तितकी विषमता कमी. जुलै २०२५ मध्ये सरकारनं अधिकृतपणे सांगितलं. अमेरिका, चीन आपल्या मागे. शिवाय क्रयशक्तीच्या हिशोबानं बघितलं तर आपलं दरडोई उत्पन्न कितीतरी वर जातं. इथे वीस रुपयांत चहा-वडापाव होतो, तिकडे होतो का?

गण्या_ऑनलाइन
वीस रुपयांत? पत्ता द्या, येतो.

जुनी_खातेवही
मी तीस वर्षं सांख्यिकीच्या सरकारी खात्यात काढली, त्यातली बरीचशी जिल्ह्याच्या कार्यालयात. आता निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सेतूवाल्यांचा मूळ प्रश्न. तुम्ही ‘दरडोई उत्पन्न’ वाचून ‘माणसाच्या हातात पडणारा पैसा’ असं समजलात. नाव तसं आहे, दोष तुमचा नाही. पण हा आकडा कुणाच्याही घरी जाऊन विचारून काढलेला नसतो. राज्यात वर्षभरात जे काही उत्पादन झालं, त्यातून कच्चा माल वजा, यंत्रांची झीज वजा, आणि जे मूल्य उरलं त्याला लोकसंख्येनं भागलेलं असतं. भागाकार शेवटी येतो. वाटप कुठेच येत नाही.

त्या उरलेल्या मूल्यात मजुरी आहे, पगार आहे, शेतकऱ्याची कमाई आहे. पण कंपनीनं मिळवलेला आणि भागधारकांना न वाटता स्वतःकडेच ठेवलेला नफाही आहे. तुम्ही स्वतःच्या घरात राहता ना? तुम्ही स्वतःलाच भाडं देता असं मानून ती रक्कमही त्यात धरलेली आहे. म्हणजे तुमच्या आजीच्या वाट्याला जे ३,०९,३४० आले, त्यातला काही भाग एखाद्या कंपनीच्या ताळेबंदात पडून आहे आणि काही भाग तुमच्या माडीच्या काल्पनिक भाड्याचा आहे. आजीनं मागितले तर कोण देणार?

आणि ज्या लोकसंख्येनं भागतो तीसुद्धा मोजलेली नाही. शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर अंदाजच.

सेतूवाला
खातेवही काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे हा आकडा ‘उत्पन्न’ कमी आणि ‘उत्पादन’ जास्त?

जुनी_खातेवही
तसंच म्हणा. आम्ही खात्यात ‘राज्य उत्पन्न’ म्हणत असू आणि आम्हालाही सवय झाली होती.

चांदा_ते_बांदा
काका, जिल्ह्याच्या आकड्याबद्दलही सांगा ना. मी चंद्रपूरचा. दरडोई उत्पन्नात आमचा जिल्हा गडचिरोलीच्या कितीतरी पुढे दिसतो. आता आमच्याकडे कोळसा आहे, सिमेंट आहे, २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. वीज जाते राज्यभर, राख राहते आमच्याकडे. उन्हाळ्यात पाण्याची बोंब, हिवाळ्यात धूर. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पुण्याला आहेत. मग ते वाढीव उत्पन्न आमच्यात कुणाला मिळतं?

जुनी_खातेवही
चांगला प्रश्न, कारण सरासरी इथे दुसऱ्या प्रकारे फसवते. जिल्ह्याचं उत्पन्न मोजताना मूल्य *जिथे निर्माण झालं* ते ठिकाण धरतात, *जिथे पोचलं* ते नाही. खाणीतून कोळसा निघाला, मूल्य चंद्रपूरच्या खात्यात. त्यातली खाणकामगाराची मजुरी चंद्रपुरात खर्च होते, ठीक. पण कंपनीचं मुख्यालय नागपुरात, कर्जाचं व्याज मुंबईच्या बँकेला, उरलेला नफा आणखी कुठे. हे सगळं जिल्ह्यातून बाहेर गेलं तरी जिल्ह्याच्या आकड्यातून वजा होत नाही. कारण ते वजा करायला जिल्ह्याच्या सीमेवर कुणी जकात नाका बांधलेला नाही. पैशाची ये-जा मोजायची सोय देशाच्या सीमेवर आहे, जिल्ह्याच्या नाही.

उलटंही होतं. रत्नागिरीत मुंबईहून येणारी मनीऑर्डर पिढ्यान्‌पिढ्या घरं चालवत आली. ती रत्नागिरीच्या उत्पन्नात नाही, मुंबईच्या उत्पादनात आहे.

अजून एक खात्यातली गोष्ट सांगतो. शेतीचं जिल्हावार पीक आम्हाला माहीत असतं, कारखान्यांची पाहणी असते. पण काही सेवा क्षेत्रांत जिल्ह्याचा वेगळा आकडा मिळतच नाही. तिथे राज्याची एकूण रक्कम घ्यायची आणि जिल्ह्यात त्या धंद्यात किती माणसं आहेत त्या प्रमाणात वाटून टाकायची. म्हणजे आडगावचा टपरीवाला आणि मुंबईचा मोठा दुकानदार दरडोई जवळपास सारखंच मूल्य निर्माण करतात असं आपोआप मानलं जातं. सरासरी काढण्याआधीच आत एक सरासरी घालून ठेवलेली असते. म्हणून जिल्ह्या-जिल्ह्यांतली तफावत जेवढी दिसते त्याहून खरी तफावत जास्त असेल असं माझं मत आहे. मत म्हणतोय, सिद्ध करू शकत नाही.

डब्लिनकर_देशपांडे
काकांच्या ‘जिथे निर्माण झालं’ वरून राहवलं नाही. मी आयर्लंडमध्ये राहतो. दरडोई उत्पादनात हा देश जगात पहिल्या काही देशांत. नातेवाईक फोनवर म्हणतात, काय बाबा, तुम्ही तर अमेरिकेच्या पुढे! २०१५ साली इथली अर्थव्यवस्था एका वर्षात तब्बल २६ टक्क्यांनी वाढली. मी विचारलं ऑफिसात, कुणाचा पगार २६ टक्के वाढला? सगळे हसले. झालं काय, तर मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपली पेटंटं आणि तत्सम हक्क कागदोपत्री इथे हलवले. कारखाना नाही हलला, माणूस नाही हलला, कागद हलला. नफा मात्र इथला मोजायला लागला.

इथल्या सांख्यिकी कार्यालयालाच लाज वाटली असावी, कारण पुढे त्यांनी हा भाग वगळून स्वतःचं एक वेगळं, सुधारित राष्ट्रीय उत्पन्न काढायला सुरुवात केली. ते बरंच लहान आहे. लोक प्रत्यक्ष काय वापरतात ते पाहिलं तर आम्ही युरोपीय संघाच्या सरासरीच्या आसपासच घुटमळतो. चंद्रपूरकर, तुमचा कोळसा तरी खरा आहे.

चांदा_ते_बांदा
खरा आहे, फुफ्फुसात बघा.

अर्थपूर्ण
माझ्या गिनीच्या मुद्द्याला कुणी हातच लावला नाही. गैरसोयीचा असावा.

मधुरा_क
लावते. तो २५.५ *खर्चाचा* गिनी आहे, उत्पन्नाचा नाही. ज्या देशांशी तुलना केली त्यातल्या बऱ्याच देशांचा आकडा उत्पन्नावरून काढलेला आहे. माझा नवरा महिन्याला तीन लाख मिळवतो आणि आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई सगळीकडचे मिळून अठरा हजार. उत्पन्नात जवळजवळ सतरा पट फरक. पण खर्चात? त्यांचे अठराच्या अठरा जातात. आमचे सव्वा लाख जातात आणि बाकीचे एसआयपीत. फरक सात पटींवर आला. आम्ही दोन्ही घरं जिथे होतो तिथेच आहोत, खर्च मोजला की जवळ आल्यासारखी दिसतो.

जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून तो आकडा घेतला, त्याच टिपणात पुढे लिहिलंय की खर्चाच्या आकड्यांत विषमता कमी दिसत असू शकते, आणि उत्पन्नाचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ झाल्याचा दुसरा एक अंदाज आहे. ती ओळ बातमीत आली नाही.

क्रयशक्तीबद्दल: वडापाव स्वस्त असल्यानं सरासरीची पट्टी ताणली जाते. पट्टीवर कोण कुठे उभा आहे ते बदलत नाही.

अर्थपूर्ण
खर्चाचा मुद्दा मान्य. ६२ चा नाही. तो अंदाज प्राप्तिकराच्या आकड्यांवरून काढलेला आहे आणि देशात प्रत्यक्ष कर भरणारे मूठभर. बाकीच्यांबद्दल गृहीतकं. ज्याला विषमता सिद्ध करायचीच आहे त्याला ती सापडते.

पांढरपेशा
मूठभर म्हणजे आम्हीच. सगळा कर आम्ही भरायचा आणि फुकट धान्य, दीड हजार रुपये, मोफत एसटी इतरांना. त्यांचं उत्पन्न मोजताना हे धरता का? धरलं तर कळेल गरीब कोण आहे ते.

संचालक
पांढरपेशा, धागा उत्पन्न मोजण्याबद्दल आहे. योजनांवर आधीच तीन धागे चालू आहेत, तिकडे भांडा.

जुनी_खातेवही
संचालक महोदय, त्यांच्या रागात एक बरोबर गोष्ट आहे, ती राहू द्या. फुकट धान्य माणशी महिन्याला पाच किलो. किलोला तीस रुपये धरा, माणशी वर्षाला १,८०० रुपये. लाडक्या बहिणीचे वर्षाला १८,००० रुपये. माणदेशी_सून यांच्या वाडीतलं ०.९ वालं घर घ्या. पाच माणसांचं धान्य ९,००० आणि एका बाईचे १८,०००, म्हणजे ९० हजारांचे १ लाख १७ हजार झाले. त्या घरासाठी हा फरक मोठा आहे, आणि उत्पन्नाच्या बऱ्याच अंदाजांत तो येत नाही. तरीही ते घर सरासरीच्या ४ लाखांच्या आसपास फिरकत नाही.

आता अर्थपूर्ण यांचा आक्षेप. अर्धा बरोबर आहे. मार्च २०२४ मध्ये नितीन भारती, लुका शान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमांची यांनी भारताचं १९२२ पासूनचं उत्पन्नवाटप काढलं, तो हा अंदाज. त्यात गृहीतकं आहेत. पण चित्र काय निघतं ते बघा. तिथे हिशोब दरडोई नाही, दर प्रौढ माणशी आहे, म्हणून चिंगीला सूट.

समजा शंभर प्रौढ माणसं आहेत आणि त्यांची वर्षाची एकूण कमाई २३४ लाख. सरासरी २ लाख ३४ हजार. त्यातला पहिला एकटाच ५३ लाख घेतो. त्याच्यामागचे नऊ जण मिळून सुमारे ८२ लाख. मधले चाळीस मिळून ६४ च्या आसपास. आणि शेवटचे पन्नास मिळून ३५. म्हणजे पहिल्या एकाकडे शेवटच्या पन्नासांच्या दीडपट.

मधोमध उभा असलेला माणूस वर्षाला साधारण १ लाख ५ हजार मिळवतो. सरासरीच्या निम्म्याहून कमी. मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटलं ते हे: सरासरीइतकी कमाई असलेला माणूस शोधायचा तर शंभरांच्या रांगेत खालून जवळजवळ नव्वदाव्यापर्यंत चालत जावं लागतं. ज्याला आपण ‘सरासरी भारतीय’ म्हणतो तो खरं तर वरच्या दहा टक्क्यांच्या उंबऱ्यावर उभा आहे.

अर्थपूर्ण म्हणतात तसे हे आकडे थोडे सरकतील. पहिल्याचे ५३ ऐवजी ४० धरा. रांगेचा आकार तोच राहतो.

पांढरपेशा
एक मिनिट. म्हणजे वर्षाला अडीच-तीन लाख मिळवणारा देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत?

जुनी_खातेवही
त्या अंदाजानुसार उंबरा २ लाख ९० हजारांच्या आसपास आहे.

पांढरपेशा
मी स्वतःला आयुष्यभर मध्यमवर्गीय समजत आलो.

गण्या_ऑनलाइन
नाव बदला साहेब. ‘शुभ्रपेशा’ करा.

वकील_वहिनी
मला यात गंमत वेगळी दिसते. राज्याच्या सरासरीनं चार माणसांचं घर १२,३७,३६० रुपयांवर जातं. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाची मर्यादा ८ लाख. म्हणजे कागदावरचं सरासरी मराठी कुटुंब दुर्बल नाही, आणि क्रीमी लेअरमध्येही जातं.

मधुरा_क
क्रीमी लेअरच्या ८ लाखांत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत ना? दुर्बल घटकाच्या दाखल्यात मात्र सगळं धरतात.

वकील_वहिनी
बरोबर पकडलंत. घाईत दोन्ही एकत्र केले. दुर्बल घटकापुरतं माझं वाक्य ठेवा, क्रीमी लेअरचं खोडा.

आजोबा_नाशिक
आमच्या वेळी १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला जात. तेव्हा दरडोई वगैरे कुणी विचारत नव्हतं. सुकडी मिळाली की दिवस गेला. बाकी चर्चा छान चालू आहे.

सेतूवाला
दोन दिवस दुकानात गर्दी होती, आज सगळं वाचून काढलं. काका, एक शंका उरली. कर भरणारे थोडे, खर्चाच्या पाहणीत श्रीमंत दाखवत नाहीत, जिल्ह्याचा आकडा उत्पादनाचा. मग सरळ घरोघर जाऊन ‘तुमचं उत्पन्न किती’ असं का विचारत नाहीत? माणदेशी ताई एकट्या करू शकतात तर सरकारला काय झालं?

जुनी_खातेवही
विचारून पाहिलं आहे. पन्नास-साठच्या दशकांत राष्ट्रीय नमुना पाहणीनं काही फेऱ्यांत कुटुंबांचं उत्पन्न विचारलं होतं. आलेली उत्तरं जुळवून बघितली तर लोकांनी सांगितलेलं उत्पन्न हे त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेहून कमी निघालं. माणूस मिळवतो शंभर आणि खर्च करून वर शिल्लक टाकतो सव्वाशे! तो प्रकार मग सोडून दिला आणि आपण खर्चच विचारत बसलो. आता राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२६ मध्ये कुटुंबांच्या उत्पन्नाची देशव्यापी पाहणी करायचं जाहीर केलं. आधी घेतलेल्या चाचणीतच बहुतेकांना प्रश्न नाजूक वाटले.

आणि खर्चाच्या पाहणीतही गळती आहेच. २०२३-२४ मध्ये माणशी महिन्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. दोन्ही मिळून वर्षाचे साठ हजारांच्या थोडे वर होतात. राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादन-खर्चाच्या सरकारी हिशोबात, लोकांचा खर्च दरडोई याच्या दुपटीच्या आसपास दिसतो. दोन्ही मोजण्याच्या पद्धती वेगळ्या हे खरं, पण तेवढ्यानं दुप्पट फरक पडत नाही. मोठ्या बंगल्याच्या फाटकावर आमचा प्रगणक कुत्र्याला घाबरून किती वेळा परत आला ते मी पाहिलंय. बंगल्याऐवजी मग शेजारच्या चाळीतलं घर.

माणदेशी_सून
मला लोक खरं सांगतात कारण कर्ज हवं असतं. कमी सांगितलं तर कर्ज कमी मिळतं. दाखल्याला उलट. ज्याला जे हवं त्याप्रमाणे आकडा येतो.

अर्थपूर्ण
मग कर्जासाठी ते फुगवूनही सांगत असतील की.

माणदेशी_सून
असतील. शेळ्या मोजून येते मी. पण पुण्याच्या पोरानं पाठवलेले पैसे मोजता येत नाहीत, ते खरं.

सेतूवाला
आज एक प्रयोग केला. ओळखीच्या सहा गिऱ्हाइकांना दाखल्याचं काम झाल्यावर चहा पाजला आणि विचारलं, कागदाचं सोडा, खरं सांगा. ६० हजार लिहिणाऱ्या रिक्षावाल्याचं घर वर्षाला २ लाख २० हजार काढतं. ४८ हजारवाल्या मावशींचं १ लाख ३०. ७२ हजारवाला हॉटेलातला आचारी, बायको शिवणकाम करते, दोघांचे ३ लाख १०. बाकी तिघं दीड ते दोनच्या मध्ये. म्हणजे माझे कागद दोन ते चार पट खोटे आणि आर्थिक पाहणी त्यांच्या दृष्टीनं पाच ते बारा पट दूर. सहामधलं कुणीही १५ लाखांच्या जवळपास नाही.

सातवे एक साहेब होते, गावातले मोठे बिल्डर. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, ‘आपलं काय, कसंबसं भागतं.’

जुनी_खातेवही
त्यांच्या दाखल्यावर किती लिहिलंत?

सेतूवाला
काका, ते दाखल्याला नव्हते आले. नातवाचं आधार अपडेट करायला आले होते.

चिंगीचे बाबा
सेतूवाले, विषय निघालाच आहे तर विचारतो. चिंगीच्या शाळाप्रवेशाला उत्पन्नाचा दाखला हवाय. किती दिवस लागतात आणि तलाठ्याचा अहवाल मीच आणायचा का?